शून्याची रेघ

लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो भावाचा. लिटरला किती लावायचे? बाजारात दुसरे काय लावतात ते विचारून भाव ठरवणारे पुष्कळ असतात. पण कमीत कमी कोणत्या भावाला घाण्यात घातलेले पैसे त्यांच्या व्याजासकट परत येतात, याचं उत्तर बाजारात मिळत नाही. ते आपल्याच आकड्यांत दडलेलं असतं. एक्सेलमधलं दुहेरी डेटा टेबल आणि गोल सीक ही जोडी ते उत्तर कशी उलगडते, हे मला आजही एखादी चांगली बांधलेली कविता वाचावी तसं सावकाश वाचावंसं वाटतं.

वाचनासाठी एक छोटा घाणा घेऊ. यंत्र, शेड, गाळणी मिळून १२ लाख रुपये आज घालायचे. आयुष्य ५ वर्षं, शेवटी भंगाराचे काही येणार नाहीत असं धरू. वर्षाला ६,००० लिटर तेल. शेंगदाणे, बाटली, वीज हा खर्च पेंडीचे पैसे वजा करून लिटरला २३० रुपये. भाडं आणि पगार वर्षाला १ लाख ८० हजार. पैशावर १२ टक्के सुटले पाहिजेत, आणि मनातला भाव ३२० रुपये. कर बाजूला ठेवला आहे, म्हणजे रचना उघडी दिसेल.

शीटवर हे आकडे `B1` ते `B6` मध्ये एकाखाली एक बसतात: भाव, लिटर, लिटरचा खर्च, वर्षाचा खर्च, दर, गुंतवणूक. नवव्या ओळीत पैशांची ये-जा. `B9` मध्ये उणे १२ लाख, आणि `C9` पासून `G9` पर्यंत पाच वर्षांची शिल्लक. अख्खा डोलारा या दोन सूत्रांवर उभा आहे:

```
C9:   =($B$1-$B$3)*$B$2-$B$4
B11:  =B9+NPV(B5,C9:G9)
```

`B11` मध्ये ९७,७१९ उमटतात. हे निव्वळ वर्तमान मूल्य, आपण सगळे एनपीव्ही म्हणतो ते. ३२० रुपये भावाला १२ लाख फिटतात, त्यावरचं १२ टक्के व्याज फिटतं, आणि वर आजच्या मोलाचे साधारण ९८ हजार उरतात. इथवर काम बरोबर आहे, पण मुकं आहे. भाव दहा रुपयांनी उतरला, किंवा तेल हजार लिटर कमी खपलं, तर काय होईल ते हा एकटा आकडा सांगत नाही.

आता टेबल. `D13` या कोपऱ्यात फक्त `=B11`. त्याच्या उजवीकडे आडव्या ओळीत लिटर, खाली उभ्या रांगेत भाव. सगळा चौकोन निवडून `Data` मधल्या `What-If Analysis` मध्ये `Data Table` उघडायचं, `Row input cell` मध्ये `B2` आणि `Column input cell` मध्ये `B1` द्यायचं. एक्सेल प्रत्येक जोडी मनातल्या मनात त्या दोन घरांत ठेवून पाहतं, `B11` काय म्हणतं ते टिपतं, आणि मूळ आकडे जिथल्या तिथे राहतात. पंधरा घरं, पंधरा वेगवेगळी आयुष्यं जगून आलेला तोच एक घाणा:

| भाव | ५,००० लि. | ६,००० लि. | ७,००० लि. |
|---|---|---|---|
| ३०० | -५,८७,१८८ | -३,३४,८५४ | -८२,५१९ |
| ३१० | -४,०६,९४९ | -१,१८,५६७ | १,६९,८१५ |
| ३२० | -२,२६,७१० | ९७,७१९ | ४,२२,१४९ |
| ३३० | -४६,४७२ | ३,१४,००६ | ६,७४,४८४ |
| ३४० | १,३३,७६७ | ५,३०,२९३ | ९,२६,८१८ |

मधली रांग वरून खाली वाचा. प्रत्येक पायरीला आकडा २ लाख १६ हजार २८७ च्या आसपास वाढतो, कुठेही चढ-उतार न होता. हा एक पाढाच आहे. दहा रुपये गुणिले ६,००० लिटर, आणि त्याला ३.६०४८ ने गुणायचं. दर वर्षाअखेर येणारा एकेक रुपया पाच वर्षं मिळाला, तर १२ टक्क्यांनी आज त्याचं मोल तेवढं होतं. डावीकडच्या रांगेचा पाढा १ लाख ८० हजारांचा, उजवीकडच्या रांगेचा २ लाख ५२ हजारांचा. जास्त तेल गाळणाऱ्या घाण्याला भावातला एकेक रुपया जास्त तारतो आणि जास्त मारतो, हे न सांगता टेबल दाखवून देतं.

मग उणे आणि अधिक यांच्यामधली सीमा पाहा. डावीकडे ती ३३० आणि ३४० च्या मध्ये आहे, मधल्या रांगेत ३१० आणि ३२० च्या मध्ये, उजवीकडे ३०० आणि ३१० च्या मध्ये. टेबलात कुठेही शून्य लिहिलेलं नाही, तरी शून्याची एक रेघ तिरकी गेलेली दिसते. मला या टेबलातलं सर्वांत सुंदर ते हेच वाटतं. जो आकडा हवा आहे तो छापलेला नाही, पण शेजारच्या आकड्यांनी त्याची जागा राखून ठेवली आहे.

त्या रेघेवरचा एक बिंदू नेमका पकडायचं काम गोल सीकचं. त्याच मेनूत `Goal Seek`. `Set cell` मध्ये `B11`, `To value` मध्ये `0`, `By changing cell` मध्ये `B1`. क्षणभर आकडे हलतात आणि `B1` मध्ये ३१५.४८ येतात. `B11` शून्यावर. पटलं तर `OK`. `Cancel` केलं की मनातले ३२० जागच्या जागी परत.

खरं तर मधल्या रांगेपुरतं त्रैराशिकही चाललं असतं. ३१० ला १,१८,५६७ कमी पडतात, दहा रुपयांना २,१६,२८७ मिळतात, म्हणजे ५.४८ रुपये वर चढायचं. पुन्हा ३१५.४८. भाव आणि एनपीव्ही यांचं नातं सरळ रेषेचं असल्यामुळे हे जमतं. पण आडवं जाऊन पाहा. ५,००० लिटरला शून्याचा भाव ३३२.५८, ७,००० ला ३०३.२७. या दोहोंचा मध्य काढून ६,००० लिटरचा भाव सांगायला गेलात तर ३१७.९२ येतो, आणि तो चुकतो. पहिल्या हजार लिटरनं भाव १७ रुपयांनी उतरवला, पुढच्या हजारानं फक्त १२ रुपयांनी. वर्षाला जमवायची ठरलेली रक्कम लिटरांत वाटली जाते, म्हणून रेघ सरळ नाही, हळूहळू सपाट होत जाणारी आहे. खप वाढवून भाव उतरवण्याचा लाभ पुढे पुढे आटत जातो, तो असा.

आता ३१५.४८ हाच आकडा का, ते उलगडू. हिशेबाच्या वहीतला ना नफा ना तोटा भाव वेगळा येतो. १२ लाखांचा घसारा पाच वर्षांत सारखा वाटला तर वर्षाला २ लाख ४० हजार, त्यात १ लाख ८० हजार, भागिले ६,०००. लिटरला ७०, म्हणजे भाव ३००. वही म्हणते ३०० ला बरोबरी झाली. टेबल म्हणतं ३०० ला ३ लाख ३४ हजार बुडाले. दोघंही खरं बोलतात. शीटच्या एका रिकाम्या घरात हे लिहा:

```
=-PMT(B5,5,B6)
```

३,३२,८९२ येतात. १२ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर वर्षाचा हप्ता एवढा. पाच हप्त्यांत एकूण व्याज ४ लाख ६४ हजार ४५८, आणि पाच वर्षांचं तेल ३०,००० लिटर. भागा: लिटरला १५ रुपये ४८ पैसे. ३०० आणि ३१५.४८ यांच्यामधला पैसा न् पैसा व्याजाचा निघाला. दर शून्य टक्के केला की टेबलाचं शून्य सरकत जाऊन बरोबर ३०० वर बसतं. पैसा घरचा असला तरी हा हप्ता तेलाला भरावाच लागतो, हे त्या एका आकड्यात बसवलेलं आहे.

या रचनेत चुका कुठे शिरतात तेही वाचनाचाच भाग आहे. सर्वांत लबाड चूक `NPV` ची. ते फंक्शन पहिली रक्कम वर्षाअखेरची धरतं, म्हणून आजचे उणे १२ लाख कंसाबाहेर ठेवायचे असतात. पुष्कळ जण `=NPV(B5,B9:G9)` लिहून मोकळे होतात, आणि सगळा हिशेब एक वर्ष जास्त मागे ओढला जातो. ९७,७१९ च्या जागी ८७,२४९ दिसतात. पण गोल सीक चालवा, भाव तरीही ३१५.४८ च येतो. शून्याला १.१२ ने भागलं तरी शून्यच. उत्तर बरोबर आल्यामुळे चूक लपून राहते, आणि टेबलातली सगळी घरं खोटी असतात. म्हणून सूत्र उघडून पाहावंच लागतं.

दुसरी चूक दोन घरं उलटी देण्याची. `B1` आणि `B2` ची अदलाबदल झाली तर एक्सेल ६,००० रुपये भावानं ३२० लिटर विकून ४८ लाख ७ हजार दाखवतं, आणि कुठलीही तक्रार करत नाही. पारख सोपी आहे: मनातल्या भावाचं आणि खपाचं घर टेबलात शोधा, तिथे `B11` चाच आकडा हवा. मथळ्यातही `=B1` असा दुवा ठेवू नये, आकडे हातानं टाइप करावेत. टेबल मोजताना एक्सेल `B1` बदलत असतं, त्याबरोबर मथळाही हलतो आणि सगळं विस्कटतं. आणि `Automatic Except for Data Tables` हा पर्याय चालू असेल तर खर्च बदलूनही टेबल जुनंच राहतं, `F9` दाबेपर्यंत.

गोल सीकची मर्यादा वेगळी. लक्ष्यापासून ०.००१ च्या आत पोचलं की ते थांबतं. `Options` मधल्या `Formulas` पानावर `Maximum Change` म्हणून ही मर्यादा लिहिलेली असते. आपला हिशेब रुपयांत आहे, तेव्हा ती पैशाच्याही दहाव्या हिश्शाची, काही बिघडत नाही. पण हाच अहवाल कोटींत मांडला तर ०.००१ म्हणजे दहा हजार रुपये, आणि भाव पैशांत चुकायला लागतो. तिथे मर्यादा आणखी बारीक करावी.

आणि गोल सीक एकदा उत्तर देऊन गप्प बसतं. शेंगदाणे महाग होऊन २३० चे २४० झाले की टेबल आपसूक बदलतं, रेघ दहा रुपयांनी खाली सरकलेली दिसते, पण `B1` मधले ३१५.४८ तसेच राहतात आणि `B11` उणे २ लाख १६ हजार दाखवू लागतं. मी अशा वेळी टेबलाच्या खाली, प्रत्येक लिटरच्या रांगेत, त्या रांगेचा शून्याचा भाव सूत्रानंच मांडून ठेवते:

```
=$B$3+($B$4-PMT($B$5,5,$B$6))/E$13
```

तीन रांगांखाली ३३२.५८, ३१५.४८, ३०३.२७. खर्च हलला की तेही हलतात. गोल सीकनं दिलेला आकडा मधल्या घराशी जुळला, की मगच तो भाव घाण्याच्या मालकापुढे ठेवायचा.