प्रश्न, थांबा, मग नाव

शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, हे अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये मांडले. ते तीन सेकंदांवर नेले की उत्तरे लांबतात. हे सगळे उद्धृत करतात. पण रो यांनी उत्तरानंतरचाही विराम मोजला होता, तो मात्र विसरला जातो.

हात वर न केलेल्याला विचारण्याच्या पद्धतीचे यश याच दोन विरामांवर ठरते, असे माझे मत आहे. मी आधी नाव घेई. बाकीचा वर्ग लगेच सुटकेचा श्वास सोडे. मग क्रम उलटला. ‘जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तरी आपल्याकडे थंडी का?’ तीन सेकंद शांतता, मग मागच्या बाकावरच्या मुलीचे नाव.

‘दिवस लहान असतो म्हणून.’

पूर्वी मी ‘शाबास’ म्हणून पुढे गेलो असतो. या वेळी गप्प राहिलो. तिनेच जोडले, ‘आणि ऊन तिरपं पडतं.’

पाढे विचारताना हे थांबणे व्यर्थ आहे. आणि बेसावध मुलाला पकडण्यासाठी नाव घेतले, तर ती शिक्षाच ठरते. वर्ग विचार न करता नजर चुकवायला शिकतो.