नोटबुकची गोष्ट आणि पेपरची पद्धत: ‘टेन सिंपल रूल्स’ वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षात ज्युपिटर नोटबुक शिकताना आपल्याला एक पेपर हमखास दिला जातो. अ‍ॅडम रूल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी’त लिहिलेला, नोटबुक कशी लिहावी आणि शेअर करावी याचे दहा सोपे नियम सांगणारा. लेखकांमध्ये फर्नांडो पेरेझही आहेत, म्हणजे ज्यांच्या आयपायथनमधून पुढे ज्युपिटर उभं राहिलं तेच. पेपर चांगला आहे आणि तुम्ही तो वाचाच. पण नोटबुकमधून ‘मेथड्स’ आणि ‘रिझल्ट्स’ लिहायला बसलात, की त्यातले पहिले दोन नियम तुम्हाला चुकीच्या वाटेला लावू शकतात. मला लावलं होतं, म्हणून हे लिहितेय.

पहिला नियम म्हणतो, वाचकाला गोष्ट सांगा. दुसरा म्हणतो, फक्त निकाल नको, प्रक्रियाही नोंदवा. नोटबुकसाठी दोन्ही बरोबर आहेत. गडबड होते ती विद्यार्थी हीच गोष्ट उचलून पेपरमध्ये टाकतो तेव्हा. ‘प्रथम डेटा डाउनलोड केला, मग पायथनमध्ये वाचला, मग तालुक्याचा पाऊस काढला, मग ट्रेंड तपासला.’ ही झाली डायरी. वाचकाला तुमचा दिवस कसा गेला यात रस नसतो. तुम्ही कुठे कुठे निवड केली आणि ती निवड वेगळी असती तर उत्तर बदललं असतं का, हे त्याला हवं असतं. नोटबुकमध्ये नेमक्या याच निवडी सगळ्यात कमी दिसतात, कारण त्या एखाद्या फंक्शनच्या डिफॉल्टमध्ये किंवा अर्ध्या ओळीत लपलेल्या असतात.

माझंच उदाहरण घेऊ. प्रश्न साधा होता: शहापूर आणि मुरबाडला मोठ्या पावसाचे दिवस १९९१ ते २०२० या काळात वाढले का? भातसा, तानसा, मोडकसागर यांचं पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. त्यामुळे ‘पाऊस बदललाय’ हे वाक्य इकडे लोक सहज उचलतात आणि ते बेजबाबदारपणे लिहून चालत नाही. डेटा होता भारतीय हवामान विभागाचा ०.२५ अंशांचा दैनिक ग्रिड, तो पायथनमध्ये वाचायला `imdlib`. माझ्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं: ‘मुरबाड तालुक्यातील दैनिक पर्जन्यमान हवामान विभागाच्या ग्रिड डेटामधून घेतले.’ वाक्य अगदी व्यवस्थित दिसतं. त्यामागचा कोड असा:

```python
p = ds['rain'].sel(lat=19.26, lon=73.39,
                   method='nearest')
print(float(p.lat), float(p.lon))
```

यातली `print` ची ओळ मी नंतर घातली, रिव्ह्यूअरने ‘कोणता सेल?’ असं विचारल्यावर. उत्तर आलं 19.25 आणि 73.5.

आता नकाशा उघडा. या ग्रिडचे बिंदू पाव-पाव अंशावर आहेत, म्हणजे इथे उत्तर-दक्षिण साधारण २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण २६ किलोमीटर अंतरावर. मुरबाड गावाच्या पश्चिमेचा बिंदू ७३.२५ रेखांशावर, कल्याण-टिटवाळ्याच्या बाजूचा. पूर्वेचा ७३.५ वर, सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकलेला. दोघांची मध्यरेषा ७३.३७५. मी मुरबाडसाठी दिलेला रेखांश ७३.३९, म्हणजे मध्यरेषेपासून जेमतेम दीड किलोमीटर पूर्वेला. कुणी नकाशावर गावाच्या दुसऱ्या टोकाला क्लिक करून ७३.३७ घेतलं असतं, तर `nearest` ने निमूटपणे पश्चिमेचा बिंदू दिला असता. एरर नाही, वॉर्निंग नाही. कोकणातून घाटाकडे जाताना पाऊस किती झपाट्याने बदलतो हे मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या कुणालाही विचारा. आणि माझं वाक्य म्हणत होतं ‘मुरबाड तालुका’.

शहापूरचं त्यामानाने बरं होतं. १९.४५, ७३.३३ या स्थानाला १९.५, ७३.२५ हा तानसाच्या दिशेचा बिंदू मिळतो आणि तो मध्यरेषेपासून पुरेसा आत आहे. पण तोही एकच बिंदू, आणि तालुका अनेक सेलमध्ये पसरलेला.

सुधारलेलं वाक्य मग असं झालं (पेपर इंग्रजीत होता, इथे आशय देते): ‘शहापूर आणि मुरबाड या गावांना सर्वांत जवळचे ग्रिड बिंदू, अनुक्रमे १९.५० उ., ७३.२५ पू. आणि १९.२५ उ., ७३.५० पू., वापरले, मुरबाड दोन बिंदूंच्या जवळजवळ मध्यावर असल्याने १९.२५ उ., ७३.२५ पू. या बिंदूवरही विश्लेषण पुन्हा केले.’ यात पायथन नाही, डाउनलोड नाही, `sel` नाही. तरीही नोटबुक न उघडता दुसरा माणूस माझंच काम पुन्हा करू शकतो. ‘तालुका’ म्हणायचंच असेल, तर सीमारेषेची फाइल घेऊन क्षेत्रफळानुसार भारित सरासरी काढावी लागेल आणि मग ती फाइल कोणती हे लिहावं लागेल.

दुसरी लपलेली निवड तारखेची. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि पाऊस संपण्याच्या तारखेवर नोंदला जातो. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचे. म्हणून ग्रिडमध्ये तो पाऊस २७ जुलैला शोधायचा. मी आता कुठलीही पावसाची नोटबुक हातात आली की आधी हा दिवस पाहते. उंच शेंडा २६ ला दिसला, तर मध्ये कुठेतरी तारखा सरकवल्या आहेत किंवा हा वेगळाच डेटा आहे. नुसत्या हंगामी बेरजेला या एका दिवसाने फारसा फरक पडत नाही. पण ग्रिडची तुलना मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या दुसऱ्या मालिकेशी केलीत, तर सहसंबंध उगाच खाली येतो आणि तुम्ही ‘डेटासेट जुळत नाहीत’ असा निष्कर्ष लिहून मोकळे होता.

आता ‘रिझल्ट्स’कडे. मोजणी अशी:

```python
R = p.sel(time=p.time.dt.month.isin([6, 7, 8, 9]))
n = (R >= 64.5).groupby('time.year').sum()
res = mk.original_test(n.values)
```

६४.५ मिलिमीटर ही हवामान विभागाची ‘जोरदार पावसा’ची खालची मर्यादा, चाचणी मान-केंडॉल, `pymannkendall` मधली. मधल्या ओळीत एक गंमत आहे. एखाद्या दिवसाची नोंदच नसेल, तर `>=` चं उत्तर ‘नाही’ येतं, म्हणजे गहाळ दिवस गुपचूप ‘जोरदार पाऊस नाही’ असा मोजला जातो. त्यामुळे गहाळ दिवस किती होते ते वेगळं मोजायचं आणि शून्य असले तरी लिहायचं.

मग उतार. आपण दिवस मोजतोय, म्हणजे पूर्ण संख्या, आणि बऱ्याच वर्षांची संख्या सारखीच असते. सेनचा उतार म्हणजे वर्षांच्या सगळ्या जोड्यांमधल्या उतारांचा मध्यक. तीस वर्षांच्या ४३५ जोड्या होतात. त्यातल्या पुष्कळ शून्य असल्या तर मध्यक नेमका शून्य येऊ शकतो, p मात्र लहान. असं आलं की विद्यार्थी घाबरतो आणि दोन्हीपैकी एकच आकडा लिहितो, बहुधा p. दोन्ही लिहा, आणि सोबत वर्षनिहाय संख्यांची आकृती द्या. ‘लक्षणीय वाढ’ असे दोन शब्द लिहून किती दिवस ते न सांगणं हा निकाल नव्हे. माझे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. डेटा खुला आहे, वरच्या ओळी चालवा आणि तुमचं वाक्य तुम्ही लिहा.

आता जिथे ‘टेन सिंपल रूल्स’ बरोबर आहे आणि मी चुकले, ते. माझ्या नोटबुकमध्ये दोन गावं होती, दोन उंबरठे (६४.५ आणि १००), आणि जून-सप्टेंबर व पूर्ण वर्ष असे दोन कालखंड. आठ चाचण्या झाल्या. मसुद्यात मी एकच ठेवली, जी ‘आली’ ती. बाकीच्या सात सेल पुसल्या, कारण नोटबुक नीटनेटकी दिसायला हवी होती! आठ चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असत्या आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं, तरी निदान एक तरी ०.०५ च्या खाली यायची शक्यता सुमारे ३४ टक्के आहे. या चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे खरा आकडा त्याहून कमी, पण ५ टक्के नक्कीच नाही. दुसरा नियम पाळला असता तर त्या सात सेल शिल्लक राहिल्या असत्या. पेपर मात्र हे सांगत नाही की अशा नोंदवलेल्या प्रक्रियेतलं नेमकं काय लेखात यायला हवं: आठही चाचण्यांचं एक छोटं कोष्टक, आणि कोणती चाचणी आधीपासून ठरलेली होती याचं एक वाक्य. सगळी नोटबुक परिशिष्टात जोडून दिली की काम झालं, असं तो वाचून वाटतं. पन्नास सेलच्या नोटबुकमधून ही संख्या कोणताही रिव्ह्यूअर शोधत बसणार नाही.

आणि नोटबुक जोडली म्हणजे ती चालेल, असंही नाही. त्याच वर्षी पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी गिटहबवरच्या सुमारे १४ लाख नोटबुक तपासल्या. ज्या चालवून पाहता आल्या त्यांतल्या २४ टक्क्यांच्या आसपास एररशिवाय पूर्ण झाल्या, आणि जेमतेम ४ टक्क्यांनी आधीचेच निकाल दिले. त्यांनी दाखवलेलं एक कारण तुमच्या नोटबुकमध्येही असेल: डाव्या बाजूचे `In [47]`, `In [12]` असे उलटसुलट क्रमांक. माझ्या नोटबुकमध्ये उंबरठ्याचं व्हेरिएबल खालच्या एका सेलमध्ये १०० केलेलं होतं, आणि वरची आकृती त्यानंतर पुन्हा काढलेली. आकृतीखाली लिहिलं होतं ६४.५. ‘रीस्टार्ट अँड रन ऑल’ केलं आणि आकृती बदलली. तोवर मसुदा गाईडकडे गेलेला होता.

शेवटी एक मर्यादा, जी कोडमध्ये कुठेच दिसत नाही आणि म्हणून बहुतेक मसुद्यांत नसतेच. हा ग्रिड म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला पाऊस नव्हे. पै आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दिलेल्या वर्णनानुसार तो देशभरातल्या ६९५५ पर्जन्यमापकांवरून, अंतरानुसार वजन देणाऱ्या शेपर्ड पद्धतीने तयार केलेला आहे, आणि रोज नोंद देणाऱ्या मापकांची संख्या काळानुसार बदलत गेली आहे. सरासरी काढल्यावर टोकाचे आकडे बोथट होतात. त्यामुळे ग्रिडवर मोजलेले ६४.५ च्या वरचे दिवस आणि शहापूरच्या मापकावर मोजलेले दिवस एकच नव्हेत. शिवाय जवळपासचा एखादा मापक मध्येच बंद पडला किंवा सुरू झाला, तर पाऊस न बदलताही ट्रेंड दिसू शकतो. हे ‘मेथड्स’मध्ये दोन वाक्यांत लिहा, आणि ‘रिझल्ट्स’मध्ये ‘मुरबाडमध्ये जोरदार पावसाचे दिवस’ ऐवजी ‘मुरबाडजवळच्या ग्रिड बिंदूवरील जोरदार पावसाचे दिवस’ म्हणा. वाक्य लांब होतं, कानाला थोडं खटकतं. माझ्या गाईडने ते दोनदा छोटं केलं, मी दोनदा परत लांब केलं.