साठ फुटांवरचे अक्षर

मोर्चाच्या आघाडीला दोन बांबूंमध्ये ताणून धरलेल्या कापडी फलकावरचे अक्षर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला काही सेकंदच दिसते. तेवढ्यात ते पूर्ण वाचून झाले पाहिजे. कापड हलत असते, धरणाऱ्यांची पावले सारखी पडत नाहीत, मध्ये झेंडे येतात, ऊन समोरून किंवा मागून येते. या अटींवर उतरणारे देवनागरी अक्षर काढणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. आज ते क्षीण झाले आहे. त्याचा सगळा दोष फ्लेक्सवर टाकण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण ते पुरेसे खरे नाही. फ्लेक्सने पेंटरची रोजची कामे नेली, हे खरेच. मात्र आता विद्यार्थी संघटना, ग्रामसभा, कलाशाळांतले तरुण पुन्हा कापड आणि ब्रश हातात घेत आहेत आणि त्यांच्याही फलकांवर जुन्या पेंटरचा अंतराचा हिशोब क्वचितच दिसतो. माझ्या मते कलेची आजची खरी उणीव इथे आहे.

हा हिशोब कापडावर रेघा आखण्यापासून सुरू होतो. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: अक्षराची उंची एक इंच असेल तर ते दहा फुटांवरून सहज वाचता येते. तो रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांना धरून आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी आणि रफार येतात, खाली उकार येतो, आणि या बारक्या खुणा चुकल्या तर शब्दच बदलतो. म्हणून मी मात्रा-उकार सोडून अक्षराच्या मधल्या अंगाचीच उंची मोजतो आणि ठोकताळ्यातल्या अंतराचा एक तृतीयांश भाग कमी करतो. नऊ इंचांचे अक्षर नव्वद फुटांऐवजी साठ फुटांवर भरवशाचे मानावे.

धरणग्रस्तांच्या चळवळीत अनेक वर्षे ऐकू येणारी एक मागणी उदाहरणाला घेऊ: ‘आधी पुनर्वसन, मग धरण’. तिच्यात वेलांटी आहे, उकार आहे, रफार आहे, म्हणजे देवनागरीची बरीच अवघड ठिकाणे आहेत. कापड 36 इंच पन्ह्याचे मांजरपाट. बहुतेक जण ही मागणी एका ओळीत लिहितात. सरासरी अक्षर जवळजवळ चौकोनी धरले, ‘आ’ आणि ‘धी’ यांना जास्त रुंदी दिली आणि शब्दांमध्ये जागा सोडली, तर ओळीची लांबी अक्षराच्या उंचीच्या सुमारे चौदा पट होते. अक्षर नऊ इंच हवे असेल तर नुसती ओळच साडेदहा फुटांची होते. दोन्ही टोकांना बांबूसाठी शिवलेला नेफा आणि थोडे मोकळे समास धरले की कापड बारा फुटांचे लागते. एवढा फलक दोघांनी धरला तर मधोमध झोळ पडतो, आणि अरुंद रस्त्यावर तो वळवता येत नाही.

आता हीच मागणी दोन ओळींत मांडू: वर ‘आधी पुनर्वसन’, खाली ‘मग धरण’. वरच्या ओळीला वर वेलांटी-रफारासाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. खालच्या ओळीत मात्रा नाही, उकारही नाही. त्यामुळे आखणी अशी होते: वरच्या काठापासून तीन इंच समास, मग साडेचार इंच मात्रांसाठी, म्हणजे साडेसात इंचांवर पहिली शिरोरेषा. तिथून नऊ इंच अक्षराचे अंग, साडेचार इंच उकारासाठी, तीन इंच मोकळी जागा, आणि चोवीस इंचांवर दुसरी शिरोरेषा. तिच्याखाली नऊ इंच अक्षर आणि शेवटी तीन इंच समास. छत्तीस इंच बरोबर भरले. वरची ओळ सहा फुटांची झाली, त्यामुळे नेफे आणि समास धरूनही आठ फूट कापड पुरते. अक्षर तेवढेच मोठे राहिले, कापड चार फुटांनी कमी झाले, आणि मागणीचे दोन भाग ‘आधी’ आणि ‘मग’ या शब्दांपाशी वेगळे झाले. आखणी म्हणजे फक्त रेघ सरळ येण्याची सोय, असे समजणाऱ्याला हे दिसत नाही. घोषणेत कोणती अक्षरे आहेत हे आधी वाचून मगच रेघा आखायच्या असतात.

रेघा मारायला पेन्सिल आणि फूटपट्टी वापरू नये. कापड टेबलावर किंवा सारवलेल्या जमिनीवर चारी बाजूंनी ताणून पिना किंवा खिळे लावावेत, खडूची पूड चोळलेला दोरा दोन खुणांवर धरून मधून टिचकी मारावी. रेघ झटकून निघते, पेन्सिलीची निघत नाही. त्यानंतर खडूनेच अक्षरांचा कच्चा आराखडा ओळीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना काढावा. डावीकडून सुरुवात करणाऱ्याची शेवटची दोन अक्षरे नेहमी दाटीवाटीने कोंबली जातात, आणि अशा फलकावर शेवटचा शब्द चिरडलेला असतो. मोर्चाची मागणी बहुधा त्याच शब्दात असते.

फटकाऱ्याची जाडी अक्षराच्या उंचीच्या सहाव्या भागाइतकी ठेवली तर नऊ इंचांच्या अक्षराला दीड इंचाचा चपटा ब्रश लागतो, आणि प्रत्येक दंड एका ओढीत उतरतो. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत जाड-बारीकचा जो सुंदर खेळ असतो, तो इथे आवरावा लागतो. सर्वांत बारीक रेघ सर्वांत जाड रेघेच्या निम्म्याहून कमी झाली की साठ फुटांवर ती नाहीशी होते. ‘ण’मधल्या दंडांमधली किंवा ‘स’च्या पोटातली मोकळी जागाही तेवढीच जपावी लागते. ती फटकाऱ्याएवढी नसेल तर लांबून अक्षराचा नुसता ठोकळा दिसतो. ‘ध’ची शिरोरेषा डावीकडे तोडलेली असते. उत्साहात ती सलग ओढली की ‘ध’चा ‘घ’ होतो आणि धरण वाचता येत नाही. रफार आणि उकार छोट्या खुणा म्हणून बारीक काढायचे नसतात, त्यांनाही पूर्ण जाडी द्यायची असते. तपासणी सोपी आहे: कापड भिंतीला लावावे, साठ फूट मागे जावे आणि डोळे किंचित मिटून पाहावे. जे अक्षर काळपट डागासारखे दिसेल, त्याचे पोट मोकळे करावे.

रंगाची निवड हाही दूर दिसण्याचाच प्रश्न आहे. पोस्टर कलर स्वस्त आहे, पण पहिल्या सरीत ओघळतो. ऑइल पेंटचे तेल धाग्यांत सरकून अक्षराभोवती पिवळट कडा धरते, आणि कापड घडी घालून ठेवले की घडीवर रंग तडकतो. फॅब्रिक पेंट या कामासाठी योग्य आहे, पण त्याची एक अट आहे. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. ती धुऊन काढली नाही तर रंग धाग्यात न शिरता वर बसतो आणि नंतर सोलून निघतो. धुतल्यावर मात्र कापड रंग पटकन ओढते, म्हणून पेंटमध्ये पाणी अगदी थोडे घालावे. पाणी जास्त झाले की रंग धाग्याधाग्याने फुटतो आणि अक्षराची कड केसाळ होते. कापडाच्या टोकाला एक फटकारा मारून दहा मिनिटे थांबले की पातळपणा कळतो. रंगवलेले कापड एक दिवस वाळवून उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवली की रंग पक्का होतो. सकाळचा मोर्चा आणि आदल्या रात्री रंगकाम, अशा घाईत ही पायरी गाळली जाते आणि मग घामाच्या हातांनीही अक्षर पुसटते.

लाल कापडावर पांढरी अक्षरे ही कामगार आणि शेतकरी चळवळींची जुनी ओळख आहे. तिचा मान ठेवूनही सांगायला हवे की ही जोडी अवघड आहे. स्वस्त लाल कापडाचा रंग पांढऱ्या अक्षरात उतरून ते गुलाबी होते, त्यामुळे पांढऱ्याचे दोन हात द्यावेच लागतात, आणि तेही पहिला पूर्ण वाळल्यावर. शिवाय सूर्य फलकाच्या मागे आला की पातळ लाल कापडातून उजेड येतो आणि जाड पांढरा रंग काळा दिसू लागतो. हात सारखे बसले नसतील तर अक्षरावर डाग उमटतात. पांढऱ्या कापडावरची गडद अक्षरे दोन्ही उजेडांत गडदच राहतात. दुपारनंतर पश्चिम पाठीशी ठेवून चालणाऱ्या मिरवणुकीसाठी मी नि:शंकपणे पांढरे कापड निवडेन.

या कसोट्या लावल्या की आजच्या फलकांचे तीन गट दिसतात. पहिला फ्लेक्सचा. तो तासाभरात तयार होतो, पावसात टिकतो, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण जागा भरण्यासाठी संगणकावर आडवा ताणलेला फॉन्ट, नेत्यांच्या फोटोंनी व्यापलेला अर्धा भाग आणि उन्हात चकाकणारा पृष्ठभाग यांमुळे मागणी शोधावी लागते. दुसरा गट सुलेखनाच्या प्रभावाचा. र. कृ. जोशी यांच्यासारख्या शिक्षकांनी देवनागरीकडे पाहायला शिकवले, कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना जाहिरातींत स्वतःचा चेहरा दिला. तो वारसा मोठा आहे. पण ती अक्षरे हातातल्या वर्तमानपत्रात किंवा भिंतीवर स्थिर पाहायची होती. त्यांची वळणे, लांबवलेल्या वेलांट्या आणि बारीक शेपट्या चालत्या कापडावर उतरवल्या की अक्षर देखणे होते आणि शब्द हरवतो. सुलेखन शिकलेल्या तरुणांकडे हात आहे, पण त्यांना आपले अक्षर लांबून तपासण्याची सवय लावली गेलेली नाही. तिसरा गट मोर्चेकऱ्यांनी स्वतः रंगवलेल्या फलकांचा. तिथे अक्षरे वेडीवाकडी असतात, पण जाड असतात आणि शब्द कमी असतात. साठ फुटांवर अनेकदा हाच फलक जिंकतो. त्याला फक्त आखणी आणि इस्त्री यांची जोड हवी आहे.

जुन्या पेंटरांचे हे ज्ञान कुठे लिहिलेले नाही. ते मनगटात आहे, आणि ज्यांच्याकडे आहे ते आता साठी-सत्तरीत आहेत. कलाशाळांनी त्यांना एका सत्रासाठी बोलवावे आणि विद्यार्थ्यांचे काम वर्गात न तपासता मैदानात तपासावे. संघटनांनी मोर्चा संपल्यावर फलक गुंडाळून फेकू नयेत. धुऊन, सैल गुंडाळी करून, तारखेसह जपावेत. आणि पुढच्या मोर्चाचा फलक काढायला बसणाऱ्यांनी एवढे करावे: घोषणा निम्मी करावी, कोणत्या अक्षराला वर आणि कोणत्याला खाली जागा हवी ते मोजावे, आणि मगच दोऱ्याला खडू लावावा.