उष्णता ठरलेली नसते

बारावीच्या एका गाइडमध्ये आम्हांला हे विधान आढळले: समतापी प्रसरणात आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा बदलत नाही, म्हणून शोषलेली उष्णता ठरलेलीच असते. पूर्वार्ध बरोबर, निष्कर्ष चूक. १ मोल वायू ३०० केल्विनला १० लिटरवरून २० लिटरपर्यंत प्रसरण पावू द्या. बाहेरचा दाब वायूच्या दाबाहून सतत किंचितच कमी ठेवत नेला (व्युत्क्रमी वाट), तर कार्य RT ln 2, म्हणजे सुमारे १७२९ ज्यूल. तोच दाब एकदम निम्मा करून स्थिर ठेवला, तर दट्ट्या कमी दाबाविरुद्ध सरकतो. कार्य RT/2, म्हणजे १२४७ ज्यूलच. दोन्हीकडे उष्णता कार्याइतकीच, म्हणून दुसरीकडे ४८२ ज्यूल कमी शोषली जाते. शिवाय तेथे ३०० केल्विन हे परिसराचे आणि दोन टोकांचेच तापमान; मधल्या खळबळीत वायूला एक तापमानच नसते. या गाइडने मात्र ‘स्थिर बाह्य दाब’ असे छापूनही उत्तरात लॉगरिदम वापरला आहे!