‘तारे जमीं पर’ : न झेललेला चेंडू

‘तारे जमीं पर’ (२००७) या चित्रपटात निकुंभ सर ईशानला चेंडू झेलता न येण्याचा संबंधही डिस्लेक्सियाशी जोडतात. इथे दोन अडचणींची गल्लत होते. डिस्लेक्सियात अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नाही. हालचालींचा समन्वय न जमणे ही वेगळी अडचण. एकाच मुलात दोन्ही असू शकतात, पण असतातच असे नाही.

समजा, बिडकीनच्या शाळेत चौथीतली एखादी मुलगी धडा घडाघडा वाचते. मात्र पाच ओळी लिहिताना तिची बोटे अवघडतात, लंगडीत ती लगेच बाद होते. वाचता येते, म्हणून ती ‘आळशी’ ठरते. मग खेळाच्या तासाला तिचे पोट दुखू लागते.

तेच प्रश्न तिला तोंडी व लेखी विचारून पाहा. उत्तरांत मोठी तफावत दिसली आणि खेळातही अडत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. शुद्धलेखनाची पाने वाढवू नयेत. अक्षर कुठून सुरू होते, कुठे वळते हे दाखवून रोज थोडा सराव द्यावा, लिहायला जादा वेळ द्यावा.

ईशान शेवटी चित्रकला स्पर्धा जिंकतो, कारण त्याचा हात कुंचल्याला वळलेला आहे. जिचा हातच वळत नाही, तिच्यासाठी चित्रपटाकडे उत्तर नाही. ते वर्गातच शोधावे लागेल.