अरबी कार्यपत्रिकेतील गर्दान आणि नामाचे लिंग : एक चिकित्सा

प्रौढांच्या संध्यावर्गांसाठी तयार केलेली चार पानांची एक अरबी कार्यपत्रिका अलीकडे हाती आली. पहिल्या दोन पानांवर ‘कतब’ (त्याने लिहिले) या धातूची भूतकाळातील गर्दान, म्हणजे चौदा रूपांचा तक्ता. तिसऱ्यावर तीस नामे व त्यांचे उर्दू-मराठी अर्थ. चौथ्यावर भाषांतराची वाक्ये. छपाई स्वच्छ आहे आणि तक्त्यात चूक नाही. तरीही पत्रिका वर्गात नेल्यावर विद्यार्थी तिसऱ्या आणि चौथ्या पानांच्या मध्ये अडतात.

गर्दान ‘तो’पासून सुरू होते, याला काही शिक्षक नावे ठेवतात. मला ती टीका पटत नाही. ‘तो’चे रूप सर्वांत उघडे असते, ‘कतबत’ (तिने), ‘कतबू’ (त्यांनी), ‘कतब्तु’ (मी) ही रूपे त्यालाच प्रत्यय लागून होतात. खटकते ते निराळेच. अरबी क्रियापदात लिंग कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही, याविषयी पत्रिकेत एक ओळही नाही. मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ असा भेद आहे, उर्दूतही आहे. अरबीत मात्र पुरुष व स्त्री दोघेही ‘ज़हब्तु’ म्हणतात. वर्गातील एका गृहिणीने तक्ता दोनदा तपासून विचारले, “सर, ‘मी गेले’चा रकाना राहून गेला का?” प्रश्न अगदी योग्य होता.

खरी अडचण नामांच्या यादीत आहे. तीत लिंग दिलेलेच नाही. बहुतेक शब्द उर्दूतून परिचित असल्याने लिंगही परिचित असेल, असे संपादकांनी गृहीत धरलेले दिसते. परंतु शब्द अरबीतून उर्दूत येताना अनेकदा लिंग बदलून आला आहे. ‘किताब’ उर्दूत स्त्रीलिंगी, अरबीत पुल्लिंगी. ‘कुर्सी’चेही तसेच, मराठी ‘खुर्ची’ तर स्त्रीलिंगीच. उलट ‘मदरसा’, ‘जुमला’, ‘क़िस्सा’ हे शब्द अरबीत ज्या गोल ‘ते’ने संपतात ती तेथे बहुधा स्त्रीलिंगाची खूण असते. उर्दूत त्या ‘ते’चा ‘आ’ झाला आणि शब्द पुल्लिंगी ठरले. जेथे ती ‘त’ म्हणून टिकली, जसे ‘दौलत’, ‘हुकूमत’, तेथे स्त्रीलिंगही टिकले. एवढा एक नियम यादीखाली छापला असता तरी निम्मे काम झाले असते. ‘शम्स’ (सूर्य), ‘अर्ज़’ (जमीन) यांसारखे खूण नसलेले स्त्रीलिंगी शब्द पाठच करावे लागतात, आणि ‘ख़लीफ़ा’ खूण असूनही पुल्लिंगी आहे.

याचा परिणाम चौथ्या पानावर दिसतो. तेथे वाक्य आहे : ‘पुस्तके पोहोचली.’ एकाने ‘वसलू’ हे पुल्लिंगी बहुवचन लिहिले. दुसऱ्याने ‘वसल्न’ हे स्त्रीलिंगी बहुवचन लिहिले. दोघांनीही रूप तक्त्यातूनच घेतले होते, आणि दोन्ही चूक. मानवेतर वस्तूंच्या बहुवचनाला अरबीत स्त्रीलिंगी एकवचनाचे क्रियापद लागते, म्हणून ‘वसलत अल्-कुतुब’. तिसऱ्याने हेच लिहिले व त्याला पूर्ण गुण मिळाले. मात्र त्याच्या मागच्याच वाक्यात, ‘पुस्तक पोहोचले’ येथेही, ‘वसलत’ होते. तेथे ‘वसल’ हवे. म्हणजे त्याला बहुवचनाचा नियम ठाऊक नव्हता. उर्दूतली ‘किताब’ स्त्रीलिंगी म्हणून तो दोन्हीकडे ‘ती’चे रूप घालत होता. एका जागी ते चुकले, दुसऱ्या जागी योगायोगाने जुळले. असा विद्यार्थी ओळखायचा तर एकवचनाला दर्शक सर्वनाम लावायला सांगावे : ‘हाज़ा किताब’ म्हणतो की ‘हाज़िही किताब’? त्याने ‘हाज़िही’ म्हटले की उत्तर बरोबर असूनही कारण चूक आहे, हे कळते.

या नियमासाठी मराठीतच एक सोय आहे, ती पत्रिकाकर्त्यांच्या ध्यानात आलेली नाही. ‘ती मुलगी आली’ आणि ‘ती पुस्तके आली’ ही वाक्ये पाहावीत. नपुंसकलिंगी बहुवचनाचे सर्वनाम व क्रियापद आपल्याकडे स्त्रीलिंगी एकवचनासारखेच दिसते. ‘पुस्तके’ म्हणजे ‘ती’, हे मराठी कानाला आधीच सवयीचे आहे. साम्य वरवरचे आहे आणि लवकर संपते. ‘खुर्च्या आल्या’, ‘दरवाजे आले’ येथे मराठी वेगळी वागते, अरबी मात्र सगळ्याच वस्तूंना ‘ती’ म्हणते. तरीही पहिल्या दिवशी हा दाखला दिला तर ‘वसलू’ लिहिणारे कमी होतील, असा माझा अनुभव आहे.

पुढील आवृत्तीत तक्ता आहे तसाच ठेवावा. फक्त तिसऱ्या पानावरील प्रत्येक नाम ‘हाज़ा’ वा ‘हाज़िही’ जोडून छापावे, आणि त्यासमोर त्या नामाला चौदांपैकी कोणते रूप लागते ते विद्यार्थ्याने स्वतः लिहिण्यासाठी दोन रिकाम्या जागा सोडाव्यात : एक एकवचनासाठी, एक बहुवचनासाठी.