कांदा सडला, कांदे सडले

नाशिकमध्ये स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी भाषांतर शिकवते. इंग्रजी व्याकरणातला एक प्रश्न या परीक्षांचा जुना सोबती आहे. 'द नंबर ऑफ' आल्यावर क्रियापद एकवचनी आणि 'अ नंबर ऑफ' आल्यावर अनेकवचनी, असं का? अपूर्णांक, टक्केवारी आणि पैशांच्या रकमेपुढे 'इज' यावं की 'आर'? मुलं नियम पाठ करतात आणि पर्यायाला खूणही करतात. एकदा मी हे सगळे प्रकार एकाच इंग्रजी वाक्यात गुंफले आणि त्याचं मराठी करायला सांगितलं. विषय घेतला आपल्याच जिल्ह्यातला: लासलगावचा कांदाबाजार. निफाडकडच्या एका मुलीने जे वाक्य लिहून दिलं, त्याचं हे रसग्रहण.

"ट्रॉल्यांची संख्या घटली आहे, पण कितीतरी शेतकरी म्हणतात, चाळीतला चाळीस टक्के कांदा सडला आणि उरलेल्याला दोन हजार रुपये भाव परवडत नाही."

साधं वाक्य आहे, पण यातलं प्रत्येक क्रियापद आपला धनी ओळखून वागतं.

पहिला तुकडा 'ट्रॉल्यांची संख्या घटली'. ट्रॉल्या पुष्कळ असल्या तरी घटल्या त्या ट्रॉल्या नव्हेत. घटली ती संख्या. 'ट्रॉल्यांची' या शब्दाच्या शेवटी बसलेला 'ची' ट्रॉल्यांना संख्येच्या ताब्यात देतो, आणि मग क्रियापदाला संख्येकडेच पाहावं लागतं: स्त्रीलिंगी, एकवचनी. इंग्रजीत हेच काम 'द' या इवल्या शब्दाकडे आहे. तिथे 'द' काढून 'अ' ठेवला की 'नंबर' गादीवरून उतरतो, 'कितीतरी' एवढ्याच अर्थाचा उरतो आणि क्रियापद शेतकऱ्यांच्या मागे जातं. वर्गातल्या एकाने 'अ नंबर ऑफ फार्मर्स'चं 'शेतकऱ्यांची एक संख्या म्हणते' केलं होतं. शब्द सगळे आले, पण त्या वाक्यात बोलणारा माणूसच नाहीसा झाला. या मुलीने 'कितीतरी शेतकरी म्हणतात' लिहिलं.

'संख्या' हा शब्द ठेवूनही मराठीत हा दुसरा अर्थ साधता येतो, हे मी मुलांना मुद्दाम दाखवते. 'शेतकऱ्यांची संख्या वाढली' आणि 'शेतकरी मोठ्या संख्येने आले' ही वाक्यं शेजारी ठेवून पाहावीत. दुसऱ्यात संख्येला तृतीयेचा 'ने' लागला आणि ती बाजूला उभी राहिली. ती आता कसे आले ते सांगते, कोण आलं ते सांगत नाही. इंग्रजी जो फरक शब्दाच्या आधी दाखवते, तो मराठी शब्दाच्या शेवटी दाखवते. म्हणून मराठीत चूक होते तीही शेवटाकडे लक्ष न दिल्यानेच. 'ट्रॉल्यांची संख्या सातशे होत्या' असं वाक्य मी वह्यांमधून अनेकदा दुरुस्त केलं आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ट्रॉल्यांची रांग असते, कानात सातशेचा आकडा असतो आणि मधली संख्या विसरली जाते. 'ट्रॉल्यांची संख्या सातशे होती' किंवा सरळ 'ट्रॉल्या सातशे होत्या', यांतलं एक घ्यावं.

आता मला सगळ्यात आवडलेला तुकडा: 'चाळीतला चाळीस टक्के कांदा सडला.' वर्गातल्या बाकी जवळजवळ सगळ्यांनी 'चाळीस टक्के कांदे सडले' लिहिलं होतं. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. टक्केवारी स्वतः क्रियापदावर हक्क सांगत नाही. ती ज्या नामाला लागते, त्या नामाचं लिंग-वचन क्रियापद घेतं: गंगापूर धरणात साठ टक्के पाणी आहे, साठ टक्के शेतकरी आले, साठ टक्के बायका आल्या. ('टक्का' एकवचनात आला की मात्र तोच मालक होतो आणि 'मतदानाचा टक्का वाढला' असं आपण म्हणतो.) मग 'कांदा' आणि 'कांदे' यांत निवड कशी करायची?

इथे त्या मुलीच्या घरची कांदाचाळ कामाला आली. शेतकऱ्याच्या तोंडी पीक म्हणून कांदा एकवचनीच असतो. कांदा लावला, कांदा काढला, कांदा चाळीत भरला, कांद्याला भाव नाही. 'कांदे' म्हटलं की एकेक कांदा दिसू लागतो, भाजीसाठी चिरायला घेतलेला, टोपलीतून निवडलेला. मार्च ते मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो. तोवर काही सडतो, काहीला कोंब फुटतात आणि न सडलेल्याचंही पाणी आटून वजन घटतं. हे नुकसान मोजायला बसलं, की 'कांदा' आणि 'कांदे' यांतला फरक पानावरून उठून तराजूवर येतो.

हिशेब करून पाहू. चाळीतून नमुन्याला 10 कांदे काढले. त्यांतले 4 सडलेले, आणि ते लहान, प्रत्येकी 50 ग्रॅमचे. उरलेले 6 चांगले, प्रत्येकी 100 ग्रॅमचे. मोजणीने पाहिलं तर दहांतले 4, म्हणजे 40 टक्के कांदे सडले. तराजूवर सडलेला माल 200 ग्रॅम, एकूण माल 800 ग्रॅम, म्हणजे 25 टक्के कांदा सडला. तीच टोपली, तोच दिवस, आणि दोन्ही वाक्यं खरी. कुणी 40चा आकडा मोजणीतून घेतला आणि लिहिताना 'कांदा सडला' म्हणाला, तर त्याने नुकसान फुगवलं. सडलेले कांदे मोठे असते, तर उलट नुकसान झाकलं गेलं असतं. क्विंटलने विकल्या जाणाऱ्या मालाच्या वाक्यात एकवचन हवं, कारण हातात येणारा पैसा वजनावर ठरतो. त्या मुलीने हा विचार करून लिहिलं असेल असं मला वाटत नाही. तिच्या कानाला तेच माहीत होतं, आणि ते अचूक होतं.

अपूर्णांकांचंही असंच आहे. फरक इतकाच, की मराठीत काही अपूर्णांक स्वतःही रूप बदलून साक्ष देतात: निम्मा कांदा सडला, निम्मे कांदे सडले, निम्मी ट्रॉली भरली, निम्म्या ट्रॉल्या परत गेल्या. 'एक तृतीयांश' तसा बदलत नाही, तिथे पुढचं नामच सगळं सांगतं: एक तृतीयांश कांदा सडला, एक तृतीयांश द्राक्षं गळाली. पण 'द्राक्षांचा तिसरा हिस्सा' म्हटलं, की पुन्हा संख्येसारखा 'हिस्सा' मालक होतो आणि 'गेला' असंच म्हणावं लागतं.

शेवटचा तुकडा पैशांचा. इंग्रजीत रक्कम एकगठ्ठा धरतात, म्हणून तिथे 'इज' येतं. मुलं तो 'इज' तसाच उचलतात आणि 'दोन हजार रुपये पुरेसे नाही' लिहितात. मराठीत रुपये रुपयेच राहतात: दोन हजार रुपये पुरेसे नाहीत, दोन हजार रुपये मिळाले. 'रुपये' हा शब्द गाळला तरी क्रियापद त्याला विसरत नाही, नुसतं 'दोन हजार मिळाले' म्हटलं तरी पुल्लिंगी अनेकवचन टिकतं. मग या मुलीने 'परवडत नाही' असं एकवचन कसं लिहिलं? कारण तिने मध्ये 'भाव' ठेवला. 'दोन हजार रुपये भाव' यात रुपये हे भावाचं मोजमाप झालं आणि क्रियापद भावाकडे गेलं. 'पाच लाख रुपये खर्च झाले' आणि 'पाच लाख रुपये खर्च झाला' ही दोन्ही वाक्यं याच कारणाने चालतात. पहिल्यात रुपये खर्च झाले, दुसऱ्यात खर्च झाला तो पाच लाखांचा.

रक्कम खरोखरच एकगठ्ठा म्हणून दाखवायची असेल, तर मराठीकडे एक सुंदर सोय आहे, ती म्हणजे मध्ये येणारं दर्शक सर्वनाम. 'सत्तर हजार रुपये ही काही लहान रक्कम नाही.' त्या 'ही'ने सत्तर हजार रुपये एका मुठीत धरले. 'दहा वर्षे हा मोठा काळ आहे', 'दोनशे किलोमीटर हे अंतर थोडं नाही' ही त्याच घडणीची वाक्यं. सत्तर हजारांचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. मार्च 2023मध्ये भाव पडल्यावर राज्य सरकारने कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये आणि जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केलं. सत्तर हजार ही त्यातून एका शेतकऱ्याला मिळू शकणारी सर्वांत मोठी रक्कम. या बातमीत मला लेखी मराठीची एक अडचणही दिसली. 'साडेतीनशे रुपये अनुदान जाहीर झाले' यातलं 'झाले' कुणाचं? अनुदान नपुंसकलिंगी एकवचनी, रुपये पुल्लिंगी अनेकवचनी, आणि लेखी प्रमाणभाषेत दोघांचंही 'झाले'च होतं. वाक्य उच्चारून पाहिलं, की गाठ सुटते. 'अनुदान जाहीर झालं' म्हणताना अनुस्वार आपोआप येतो. अनुदानाच्या जागी 'मदत' घातली तर कागदावरही शंका उरत नाही: साडेतीनशे रुपये मदत जाहीर झाली.

आणखी एक गोष्ट त्या तासाला निघाली, तीही त्या मुलीच्याच एका वाक्याने. इंग्रजीत एकाच्या पुढे जरा सरकलं की अनेकवचन लागतं, दीड तासही तिथे अनेकवचनी. मराठीत सव्वा आणि दीड एकवचनीच राहतात. दीड तास झाला, अडीच तास झाले. दीड पोळी खाल्ली, अडीच पोळ्या खाल्ल्या. पूजेत ठेवायचा तो सव्वा रुपया, सव्वा रुपये नव्हे. 

मी तिला विचारलं, यंदा तुमच्या चाळीचं काय झालं? ती म्हणाली, "तीन ट्रॉल्या भरल्या होत्या, मॅडम. दीड ट्रॉली कांदा निघाला."